इंग्रजी पोस्टचा सूर मराठीत कसा आणायचा?

प्रश्न: मैत्रिणीने इंग्रजीत लिहिलेली एक छोटी पोस्ट मला मराठीत आणायची आहे, तिची परवानगी घेतली आहे. मूळ पोस्ट अगदी गप्पा मारल्यासारखी आहे. माझं भाषांतर चुकीचं नाही, पण वाचताना पाठ्यपुस्तक वाटतं. कुठे बिघडतंय? आणि इंग्रजी शब्द किती ठेवायचे? माझा मसुदा असा:

*ठीक आहे, तर इथे गोष्ट आहे. मी तीन वर्षांपासून धावत आहे आणि मी अजूनही पहिल्या दहा मिनिटांचा तिरस्कार करतो. प्रत्येक. एकेक. वेळी. माझे पाय शिशाचे बनलेले आहेत असे मला वाटते आणि माझा मेंदू मला घरी परत जाण्यासाठी अत्यंत पटण्याजोगी कारणे देतो. जर तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल आणि तुम्हाला वाटत असेल की तुमच्यात काहीतरी चुकीचे आहे, कृपया जाणून घ्या की तसे नाही. तुम्हाला ते आवडण्याची गरज नाही. तुम्हाला फक्त अकराव्या मिनिटापर्यंत पोहोचायचे आहे. तिथेच जादू घडते. बरं, जादू नाही. पण ते सुसह्य बनते.*

उत्तर:

मसुदा दिलात हे फार बरं झालं, कारण या दहा-बारा ओळींत जवळजवळ सगळे नेहमीचे अडथळे आले आहेत. एक सोडला तर अर्थाचा घोटाळा कुठेच नाही. घोटाळा आहे तो सूर कशावर उभा असतो याचा. इंग्रजीत गप्पांचा सूर शब्दांच्या आखूड रूपांवर, एखाद्या शब्दावर दिलेल्या जोरावर, तुटक वाक्यांवर आणि ‘जस्ट’, ‘वेल’, ‘प्लीज’ अशा चिल्लर शब्दांवर उभा राहतो. मराठीत तेच काम च, ही, ना, हं, तर, की अशी अव्ययं करतात, क्रियापदाची रूपं करतात आणि वाक्यातल्या शब्दांचा क्रम करतो. तुम्ही इंग्रजीची साधनं मराठीत आणलीत आणि मराठीची साधनं पेटीतच राहिली. म्हणून अर्थ पोचला, पण माणूस बोलतोय असं वाटेना.

पुढे जे सांगतोय ते अशा गप्पांच्या पोस्टसाठी आहे. औषधाचं प्रमाण, कायद्यातली अट, यंत्र जोडण्याच्या सूचना असा मजकूर असेल तर तिथे वाक्य इतकं मोकळं सोडता येत नाही, नेमकेपणा आधी सांभाळावा लागतो. मूळ पोस्ट औपचारिक असेल, तर मराठीतही ‘केले’, ‘म्हटले’ अशी लेखी रूपंच शोभतात. सूर टिकवायचा म्हणजे मूळचा जो असेल तो. सगळं खेळीमेळीचं करून टाकणं हीसुद्धा चूकच.

आता अर्थाची ती एक चूक. तुम्ही ‘तिची परवानगी’ लिहिलंय, म्हणजे पोस्ट एका बाईची आहे. मसुद्यात मात्र ‘मी तिरस्कार करतो’ आलंय. इंग्रजीत ‘मी’च्या क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही, मराठीत बहुतेक ठिकाणी कळतं, आणि झोपेतही हात आपल्या सवयीचं रूप लिहून जातो. म्हणून पहिल्या वाक्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवायच्या: बोलतंय कोण आणि कुणाशी. लिहिणारं कोण हे कळायला मार्गच नसेल, तर मराठीत त्यातून वाट काढता येते. ‘मी धावतो’ किंवा ‘धावते’ टाळून ‘मला धावायला लागून तीन वर्षं झाली’ म्हणता येतं. सकर्मक क्रियापद भूतकाळात असलं की ते बहुधा कर्माप्रमाणे चालतं. ‘मी बूट घातले’, ‘मी सुरुवात केली’ हे कुणीही म्हणू शकतं.

हाच प्रश्न वाचणाऱ्याबद्दल. इंग्रजीतला एकच ‘यू’ मराठीत तू, तुम्ही किंवा आपण होतो. ‘तू’ म्हटलं की जवळीक येते, पण लगेच ‘दमलास’ की ‘दमलीस’ हा पेच उभा राहतो. अनोळखी वाचकांसाठीच्या पोस्टला ‘तुम्ही’ बहुतेक वेळा बरोबर बसतं आणि त्यातला जिव्हाळा कमी करायचं कारण नसतं. तो सर्वनामातून आणण्यापेक्षा पुढच्या शब्दांतून आणावा. ‘आपण’ जपून वापरा. आदराचा ‘आपण’ निमंत्रणपत्रिकेसारखा लागतो, आणि ‘तुम्ही-आम्ही सगळे’ या अर्थाचा ‘आपण’ मात्र गप्पांत छान चालतो. दोन्ही एकाच पोस्टमध्ये आले की वाचणारा गोंधळतो.

एवढं ठरलं की मग प्रत्येक वाक्याशेजारी ते वाक्य *काय करतंय* ते दोन-तीन शब्दांत लिहायचं. काय म्हणतंय ते लिहायचं नाही, ते तर समोरच आहे. तुमच्या पोस्टचं असं होईल: कबुलीची सुरुवात, कबुली, तिच्यावर जोर, तक्रार थोड्या गमतीत, धीर देणं, ओझं उतरवणं, सोपं करून सांगणं, मोठा शब्द वापरणं आणि लगेच तो मागे घेणं. ही यादी झाली की मूळ पोस्ट पालथी घालून ठेवा आणि फक्त यादीकडे बघत, समोर कुणी बसलंय असं समजून तोंडाने मराठीत बोला. पहिला खर्डा तोंडून निघालेला असावा. समोर इंग्रजी वाक्य उघडं असताना मराठी वाक्य त्याच्याच साच्यात पडतं, कितीही सराव असला तरी.

आता ओळीने बघू.

‘ठीक आहे, तर इथे गोष्ट आहे.’ मुळात ‘हिअर्स द थिंग’ असणार. यात ‘इथे’ही नाही आणि ‘गोष्ट’ही नाही. हा फक्त घसा खाकरणं आहे: आता मनातलं सांगणार, ऐका. मराठी माणूस अशा वेळी ‘खरं सांगू?’, ‘एक सांगते’ किंवा ‘त्याचं काय आहे’ म्हणतो. हे तिन्ही एकसारखे नाहीत. ‘त्याचं काय आहे’ नंतर स्पष्टीकरण किंवा सबब येते. ‘एक सांगते’ नंतर बहुधा सल्ला येतो. ‘खरं सांगू?’ नंतर कबुली येते. इथे पुढे कबुलीच आहे, म्हणून ‘खरं सांगू?’.

‘तीन वर्षांपासून धावत आहे.’ मराठीत ‘पासून’ एखाद्या क्षणाला, दिवसाला लागतो: लहानपणापासून, सोमवारपासून. कालावधी सांगायचा तर ‘तीन वर्षं धावतेय’ किंवा ‘धावायला लागून तीन वर्षं झाली’. ‘तीन वर्षांपासून’ हल्ली सर्रास कानावर पडतं, त्यामुळे ते चूक म्हणून खटकणार नाही, पण बोलण्यातलं म्हणून लागणारही नाही. आणि ‘धावत आहे’ऐवजी ‘धावतेय’. बोलताना आपण ‘आहे’ क्रियापदात मिसळून टाकतो: जातोय, बघितलंय, नाहीये. इंग्रजीतल्या आखूड रूपांची जागा मराठीत नेमकी हीच रूपं घेतात. तुमच्या मसुद्यात ‘आहे’ आणि ‘आहेत’ मिळून सहा वेळा आले आहेत, पाठ्यपुस्तकाचा भास होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

‘तिरस्कार करतो.’ इंग्रजी ‘हेट’ फार स्वस्त झालाय, तो पावसापासून सोमवारपर्यंत कशालाही लागतो. मराठी ‘तिरस्कार’ अजून महाग आहे, तो माणसांचा करतात आणि मनापासून करतात. इथे हवा तो शब्द दैनंदिन कंटाळ्याचा. मराठीत त्याच्या छटा पुष्कळ आहेत आणि त्यात चूक करू नये. ‘जिवावर येतं’ हे काम सुरू करण्याआधीचं आहे: अंथरुणातून उठणं जिवावर येतं. ‘नको होतं’ हे काम चालू असतानाचं आहे. ‘कंटाळा येतो’ यात त्रास नाही, नुसता निरुत्साह आहे. पहिली दहा मिनिटं धावताना सोसायची आहेत, म्हणून ‘पहिली दहा मिनिटं अजूनही नको होतात’. इथे आणखी एक गोष्ट आपोआप झाली. ‘मी’ कर्ता राहिला नाही. शरीराला किंवा मनाला काही वाटतं तेव्हा मराठीत बहुधा असंच होतं: मला आवडतं, मला थंडी वाजते, मला पटतं. इंग्रजीत ‘आय’ने सुरू होणारं वाक्य मराठीत ‘मी’नेच सुरू झालं पाहिजे असा आग्रह धरला की दर दोन ओळींनी ‘मी’ येतो आणि बोलणारा आत्मकेंद्री वाटायला लागतो. मूळ लेखिका तशी नाही. हा सुराचाच बिघाड आहे, फक्त व्याकरणाचा नाही.

‘प्रत्येक. एकेक. वेळी.’ शब्दाशब्दावर टिंब देणं ही इंग्रजी लिखाणातली मूठ आपटायची पद्धत आहे. मराठीत टिंबं दिली की वाक्य नुसतं फुटतं, कारण ‘प्रत्येक’ आणि ‘एकेक’ हे ‘वेळी’ला टेकून उभे आहेत, सुटे उभे राहू शकत नाहीत. मराठीत जोर द्यायचा तर शब्द पुन्हा म्हणतात: लालच लाल, घरोघरी, अगदी खरं खरं. आणि ठासून सांगायला एक खास घडण आहे: नाही म्हणजे नाही, आज म्हणजे आजच. ‘दर वेळी म्हणजे दर वेळी.’ मूठ आपटली गेली, एकही जास्तीचं टिंब लागलं नाही.

‘पाय शिशाचे.’ ही प्रतिमा मराठी वाचकाला कळते, पण कळायला क्षणभर थांबावं लागतं. गप्पांत थांबणं परवडत नाही. साधं बोलायचं तर ‘पाय उचलत नाहीत’. त्यात चित्र जातं, मात्र. मूळ लेखिकेने जरा वाढवून सांगितलंय, ती वाढ राहायला हवी. ‘पायांना कुणीतरी दगड बांधलेत असं वाटतं’ यात चित्रही राहिलं आणि थांबावंही लागलं नाही. प्रतिमा बदलायची की ठेवायची याचा माझा निकष एवढाच: तीच प्रतिमा पुढे पुन्हा येणार असेल तर ठेवायची, एकदाच येऊन जाणार असेल तर सोयीची घ्यायची. पुढे कुठे ती ‘आज शिसं वितळलं’ म्हणणार असती, तर शिसंच ठेवावं लागलं असतं.

‘माझा मेंदू मला कारणे देतो.’ मेंदू मराठीत डॉक्टरांकडे असतो. कारणं शोधतं, चुकारपणा करतं, फितवतं ते मन. ‘देतो’ही फिकं आहे. इथे मराठीचं एक फार मोठं साधन उपयोगी पडतं: क्रियापदाला जोडून येणारं दुसरं क्रियापद. ‘सांगितलं’ यात फक्त घटना आहे. ‘सांगून टाकलं’ यात सुटका आहे, ‘सांगून बसले’ यात पश्चात्ताप आहे, ‘सांगून ठेवलं’ यात पुढची तरतूद आहे. इंग्रजीत यासाठी वेगळं विशेषण किंवा पूर्ण वाक्य खर्चावं लागतं, आपल्याकडे टाकणे, बसणे, ठेवणे, जाणे, सुटणे यांनी ते होतं. ‘मन घरी परतायची कारणं काढत बसतं’ म्हटलं की त्या ‘बसतं’मध्ये मनाचा हट्टही येतो आणि लेखिकेची त्याच्यावरची नाराजीही.

‘अत्यंत पटण्याजोगी’ हे विशेषण वाक्याच्या पोटात अडकलंय. मूळ इंग्रजीत गंमत त्याच शब्दात आहे, कारण इतक्या भारी शब्दाने इतक्या हलक्या गोष्टीचं वर्णन केलंय. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे मधलं विशेषण दाबलं जातं. अशा वेळी त्याला बाहेर काढून वेगळं वाक्य द्यायचं: ‘कारणंही अशी, की पटावीत.’ एका वाक्याची दोन झाली तर होऊ द्यावीत. उलटही करावं लागतं. इंग्रजीत ‘आणि, आणि’ करत चालणारी तीन वाक्यं मराठीत ‘उठून, बूट घालून, बाहेर पडले’ अशी एकात मावतात. वाक्यांची संख्या जुळवत बसण्यात काही हशील नाही.

पुढचं वाक्य सगळ्यात नाजूक, कारण पोस्टचा जीव तिथे आहे. त्यात तीन बदल लागतील. पहिला: ‘जर’ आलाय पण ‘तर’ कुठेच नाही. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतं, बोलताना आपण तो बहुतेक गाळतोच, ‘तर’ मात्र हवा. दुसरा: ‘तुम्हाला वाटत असेल की तुमच्यात काहीतरी चुकीचे आहे’. मराठीत मनातला विचार आधी येतो आणि ‘असं वाटतं’ नंतर. शिवाय विचार ज्याचा त्याच्याच शब्दांत येतो. माणूस स्वतःशी ‘तुमच्यात काहीतरी कमी आहे’ असं म्हणत नाही, ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे’ म्हणतो. म्हणून ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत असेल, तर…’. त्या ‘च’ने वाचकाच्या मनातली टोचणी नेमकी पकडली जाते, बाकी सगळ्यांना जमतं, आपल्यालाच नाही. ‘आपलं काहीतरी चुकतंय’ असं मुद्दाम केलेलं नाही. चुकतं ते तंत्र. मूळ वाक्य तंत्राबद्दल नाही, स्वतःबद्दलच्या शंकेबद्दल आहे.

तिसरा बदल ‘कृपया जाणून घ्या’चा. ‘कृपया’ मराठीत पाटीवर राहतो: कृपया रांगेत उभे राहा. समोरासमोर आपण विनंती ‘जरा’, ‘ना’, ‘हं’, ‘-ल का’ यांनी करतो: जरा सरकता का, बस ना, सांगशील का. इथे तर विनंतीही नाही, खांद्यावर हात ठेवणं आहे. तेवढ्याला एक ‘हं’ पुरतो: ‘तर तसं काही नाहीये हं.’ हा ‘हं’ काढून वाक्य वाचून बघा, कोरडा खुलासा होतो.

‘आवडण्याची गरज नाही’ हे बरोबर आहे पण परिपत्रकातलं आहे. नकार हलका करायचा तर मराठी प्रश्नाचं रूप घेते: ‘धावणं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे?’ आणि ‘तुम्हाला फक्त’ मधल्या ‘जस्ट’चं काम ‘फक्त’ करत नाही, ‘की झालं’ करतं: ‘अकरावं मिनिट गाठलं, की झालं.’ ‘फक्त’ मोजमाप सांगतो, ‘की झालं’ ओझं उतरवतं.

शेवटी जादू. ‘तिथे जादू घडते’ हे इंग्रजीतलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. एरवी मी ते बदललं असतं. इथे ठेवायलाच हवं, कारण पुढच्याच दमात लेखिका ते मागे घेते आणि मागे घ्यायला आधी काहीतरी मोठं म्हटलेलं लागतं. मागे घेण्यासाठी तुम्ही ‘बरं’ वापरलंय. ‘वेल’साठी ‘बरं’ हात सरसावून पुढे येतो, पण मराठी ‘बरं’ होकार देतो किंवा विषय बदलतो. स्वतःचंच बोलणं दुरुस्त करताना आपण ‘म्हणजे’ म्हणतो. आणि ‘सुसह्य बनते’ऐवजी ‘सोसवायला लागतं’. ‘बनते’ हे हिंदीतून येतं, आणि ‘लागतं’मध्ये हळूहळू होणारा बदल आहे, जो मुळात आहे.

सगळं जोडून असं होतं:

*खरं सांगू? धावायला लागून तीन वर्षं झाली, पण पहिली दहा मिनिटं अजूनही नको होतात. दर वेळी म्हणजे दर वेळी. पायांना कुणीतरी दगड बांधलेत असं वाटतं आणि मन घरी परतायची कारणं काढत बसतं. कारणंही अशी, की पटावीत. तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत असेल, तर तसं काही नाहीये हं. धावणं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे? अकरावं मिनिट गाठलं, की झालं. तिथून पुढे जादू होते. म्हणजे, जादू नाही म्हणता येणार. पण सोसवायला लागतं.*

तुमच्या मसुद्यात मी-मला-माझा आणि तुम्ही-तुम्हाला-तुमच्यात मिळून अकरा सर्वनामं होती. इथे ‘तुम्ही’ एकदा आणि ‘आपल्यातच’ एकदा. मोजून कमी केलेली नाहीत, मराठी क्रियापदाला कर्ता वेगळा सांगावा लागत नाही म्हणून गळून पडली. लेखिका बाई आहे हे एकाही शब्दावरून कळत नाही हेही लक्षात आलं असेल. तिला ते कळायला हवं असेल तर ‘तीन वर्षं धावतेय’ घ्या, वाक्य तितकंच चांगलं आहे.

यात एक जागा पडलीच. मूळच्या भारी-भरकम ‘एक्स्ट्रीमली’ची गंमत ‘पटावीत’मध्ये पूर्ण येत नाही. असं होतंच. सूर एका ओळीत थोडा कमी पडला तर दुसऱ्या ओळीत भरून काढता येतो, ‘काढत बसतं’ आणि ‘कुणीतरी दगड बांधलेत’ यांनी ते काम थोडं केलंय. शब्दांच्या कोटीवर उभी असलेली गंमत मात्र बहुतेक वेळा येत नाही. तिथे तिच्या जागी मराठी कोटी सहज सुचली तर घ्यावी, नाही तर साधं वाक्य लिहून पुढे जावं. खाली टीप देऊन विनोद समजावला की उरलेला सूरही जातो.

अव्ययांबाबत एक सावधगिरी. त्यांची ताकद लक्षात आली की प्रत्येक वाक्यात ना, हं, बरं का, अहो पेरायचा मोह होतो, आणि पोस्ट नाटकातल्या संवादासारखी वाटायला लागते. ‘हं’ आणि ‘बरं का’ यांसारखी ऐकणाऱ्याला थेट हाक मारणारी अव्ययं एवढ्या लांबीच्या पोस्टमध्ये एकदा, फार तर दोनदा. ‘च’ आणि ‘ही’ अंगात मुरलेले असतात, ते जास्त चालतात, पण लागून दोन वाक्यांत ‘च’ आला तर एक काढून बघा.

लेखी आणि बोली रूपांची सरमिसळही टाळायला हवी. तुमच्या मसुद्यात ‘असे, वाटते, चुकीचे’ आहे आणि मध्येच ‘बरं’. ‘केलं, म्हटलं, सांगितलं’ अशी अनुस्वाराची रूपं लिहायला संकोच वाटायचं कारण नाही, बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लिहिताना ती आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनाही मान्य आहेत. एकदा ती घेतली की शेवटपर्यंत तीच. पूर्ण झालेल्या मजकुरात ‘ते’, ‘ले’, ‘चे’, ‘णे’ यांनी संपणारे शब्द शोधत एक फेरी मारा, राहून गेलेली लेखी रूपं लगेच सापडतात. पुरुषी अनेकवचनातली ‘ते आले’सारखी रूपं तशीच राहतात, त्यांना अनुस्वार लावू नका.

इंग्रजी शब्द किती ठेवायचे? तो शब्द तुमच्या तोंडात रोज असेल आणि मराठी प्रत्यय सहज घेत असेल तर ठेवा. पोस्टमध्ये, फोनवर, बॅटरीचा, यांत कुणाला काही खटकत नाही. ‘भ्रमणध्वनी’ लिहून गप्पांचा सूर राहणार नाही. लिंग मात्र बोलण्यातलंच घ्या, पोस्ट ‘ती’ आणि फोन ‘तो’. याउलट मराठीत नेहमीचा शब्द असताना ‘माझा माइंड मला रीझन्स देतो’ असं लिहिलं, तर ते मूळ लेखिकेच्या साधेपणाला धरून होणार नाही, तिने तिच्या भाषेतले सगळ्यात साधे शब्द निवडलेत. आणि वाक्याचा सांगाडा इंग्रजी असेल तर सगळे शब्द मराठी असूनही उपयोग नाही. तुमच्या मसुद्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

खर्डा झाला की एक रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मूळ पोस्ट न उघडता मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते, जिथे श्वास पुरत नाही, जिथे वाचताना मनात इंग्रजी वाक्य ऐकू येतं, तिथे खूण करा. मग मूळ न वाचलेल्या एखाद्याला दाखवा, पण ‘कसं झालंय’ असं विचारू नका, लोक छान म्हणतात. ‘हे कोण लिहितंय असं वाटतं आणि कुणाला?’ असं विचारा. ‘बरेच दिवस धावणारी, नवख्यांना धीर देणारी कुणीतरी’ असं काही उत्तर आलं तर सूर पोचला. ‘प्रशिक्षक सूचना देतायत’ असं आलं तर क्रियापदं पुन्हा बघा, बहुधा ‘पाहिजे’ आणि ‘गरज’ जास्त झालेले असतात.

यानंतरच मूळ पोस्ट पुन्हा उघडायची आणि वस्तुस्थिती पडताळायची: तीन वर्षं, दहा मिनिटं, अकरावं मिनिट. मोकळेपणाच्या भरात आकडे आणि ‘नुकतीच’सारखे छोटे शब्द गळतात. ही तपासणी आधी केली तर पुन्हा इंग्रजीच्या साच्यात सरकायला होतं, म्हणून ती शेवटी.

पोस्ट तुमच्या मैत्रिणीच्या नावाने जाणार आहे, तेव्हा छापण्याआधी तिला पाठवा आणि सोबत तीन ठिकाणं दाखवा: शिशाचे दगड झाले, मेंदूचं मन झालं आणि ‘गरज नाही’चा प्रश्न झाला. तिला मराठी वाचता येत असेल तर ती हे वाचून लगेच सांगेल की आपण असं बोलतो का. एखाद्या जागी ती ‘मी असं म्हणणार नाही’ म्हणाली, तर तुमचं वाक्य कितीही बिनचूक असलं तरी तिचंच घ्या.